सांधा पद्धत (कैची)

कैचीचा कोणता अवयव ताणात व कोणता दाबात आहे, हे एकेका खीळसांध्याचा समतोल तपासून ठरविण्याची रीत म्हणजे सांधा पद्धत होय. येथे अवयवांचे स्वतःचे वजन दुर्लक्षिले जाते व भार सांध्यांवरच मानला जातो.

समभुज त्रिकोणी कैची कखग घेऊ. क आणि ख हे आधार असून शिखर ग वर १० किलोन्यूटन भार आहे. प्रत्येक आधाराची प्रतिक्रिया ५ किलोन्यूटन, वरच्या दिशेने. सांधा क वर ती तोलण्यासाठी तिरपा अवयव कग सांध्याला खाली ढकलतो; त्यातील बल ५ ÷ साइन ६०° = ५.७७ किलोन्यूटन, दाब. या ढकलण्याचा डावीकडील घटक २.८९ किलोन्यूटन, तो तोलण्यासाठी आडवा कख सांध्याला उजवीकडे ओढतो, म्हणून कख ताणात.

विद्यार्थी बहुधा बाणांत चुकतात: सांध्यापासून दूर जाणारा बाण ताण दर्शवितो. सांध्यावर दोनच समीकरणे मिळत असल्याने दोनपेक्षा अधिक अज्ञात बले असलेल्या सांध्यापासून आरंभ करता येत नाही.