ओवी ऐकायची, अभंग धरायचा

काही वर्षांपूर्वी नववीच्या वर्गात मी एक चूक केली. मराठीच्या तासाला मुलांना अभंग रचून आणायला सांगितले होते. एका मुलाने आणलेल्या अभंगावर मी लाल पेनाने लघु-गुरूच्या खुणा केल्या आणि खाली लिहिले, 'वृत्त चुकले आहे.' मुलाने वही घरी नेली. त्याचे आजोबा गावातल्या भजनी मंडळात टाळ धरणारे. दुसऱ्या दिवशी त्यांनी निरोप पाठवला, 'सरांना सांग, गाऊन बघा.' मी गाऊन पाहिले. अभंग ठेक्यात चपखल बसत होता. चूक माझी होती.

ती चूक का झाली, तेही सांगतो. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. उर्दू शायरीचा पाया म्हणजे अरूज. तिथे कोणते अक्षर लांब, कोणते आखूड, याच्यावरच बहर ठरते. संस्कृत वळणाच्या गणवृत्तांतही तसेच आहे. त्यामुळे कविता दिसली की हात आपोआप लघु-गुरू मोजायला लागतो. अभंग आणि ओवी यांना मात्र हे माप लागू पडत नाही. ते का, हे समजून घेताना मला कीर्तनही वेगळे ऐकू यायला लागले. त्याबद्दल आज लिहितो.

आधी ओवी, कारण वयाने ती मोठी. बाराव्या शतकातला चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात, महाराष्ट्रातल्या बायका कांडण करताना ओवी गातात, अशी नोंद आहे. म्हणजे ओवीचा जन्म ग्रंथात नाही, कामाच्या जागी झाला. माझी नानी पहाटे जात्यावर बसून ओव्या म्हणायची. नमाजाच्या आधी पायली-दीड पायली जोंधळा दळून व्हायचा. ओळ किती लांब करायची, हे जात्याचा फेरा ठरवायचा. शब्द कमी पडले तर सूर लांबायचा, जास्त झाले तर जीभ भरभर चालायची. अक्षरे मोजायची गरजच नव्हती.

ज्ञानदेवांनी 1290 साली गीतेवरची टीका याच ओवीत सांगितली. सुमारे नऊ हजार ओव्या. ग्रंथातल्या या ओवीची घडण अशी: चार चरण, पहिल्या तिघांच्या शेवटी यमक, आणि चौथा आखूड, यमकाशिवाय. म्हणून तिला साडेतीन चरणी म्हणतात. नमुन्यासाठी मीच एक जुळवतो:

पहिला पाऊस आला अंगणी । पायरीवरी साचले पाणी । ओसरी उघडी ठेवुनी कोणी । वाट पाहे ॥

अंगणी, पाणी, कोणी ही यमके. पहिल्या चरणात अकरा अक्षरे, दुसऱ्यात दहा, तिसऱ्यात पुन्हा अकरा. हा फरक चालतो. आठ-आठ अक्षरांचे चरण घेऊनही ओवी होते, आणि पुढच्या काळात एकनाथांसारख्यांनी ती याहून लांबही केली. तीन यमके कानात एक अपेक्षा तयार करतात आणि आखूड चौथा चरण ती मोडून थांबतो. त्या थांब्यावर ऐकणाऱ्याच्या मनात येते, 'बरं, मग पुढे?' म्हणून ओवी कथा सांगायला आणि मुद्दा उलगडायला सोयीची. ती पुढे जाते, मागे वळत नाही. ज्ञानदेवांनी स्वतःच म्हटले आहे की ओवी गायली तरी रंगते आणि न गाता वाचली तरीही.

अभंग ओवीतूनच निघाला. मोठ्या अभंगाचेही चारच चरण, पण अक्षरे ठरलेली: सहा, सहा, सहा आणि चार. एकूण बावीस. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचे. वरचाच पाऊस अभंगात आणू:

पहिला पाऊस । भिजली पायरी । उघडी ओसरी । वाट पाहे ॥

बोटांवर मोजून पाहा. मोजताना जोडाक्षर एकच धरायचे. 'पावसाच्या' या शब्दात चारच अक्षरे. दुसरा प्रकार लहान अभंगाचा. त्यात दोनच चरण, बहुधा आठ-आठ अक्षरांचे, आणि दोन्हींच्या शेवटी यमक:

दार उघडे ठेविले । पाखरांनी ओळखिले ॥

नामदेवांच्या नावावर असलेल्या एका अभंगात या अक्षरसंख्येचा हिशोबच सांगितलेला आहे. म्हणजे हा नियम नंतरच्या पंडितांनी बाहेरून लादलेला नाही, रचणाऱ्यांच्या परंपरेतच तो होता.

आता मूळ प्रश्न. अक्षरे मोजायची, मग लघु-गुरू का नाही? याचे उत्तर मला माधव जूलियन यांच्या 'छंदोरचना'त मिळाले. माधव जूलियन म्हणजे मा. त्रिं. पटवर्धन, फारसीचे प्राध्यापक. फारसी-मराठी कोश त्यांनी केला, गझलही मराठीत आणली. अरूज पुरते जाणणारा हा माणूस सांगतो की अभंग-ओवीचे छंद वेगळ्या जातीचे आहेत. इथे म्हणताना प्रत्येक अक्षर लांबवले जाते. कागदावर ऱ्हस्व दिसणारे अक्षरही गळ्यात दीर्घ होते. सगळीच अक्षरे सारख्या वजनाची झाली की लघु-गुरूचा भेद उरतच नाही, उरते फक्त संख्या.

हे भजनी ठेक्यावर ताडून पाहता येते. ठेका आठ मात्रांचा. एका साध्या चालीचा हिशोब असा मांडता येईल: अक्षराला दोन मात्रा धरल्या तर सहा अक्षरांच्या बारा होतात. ठेक्याच्या दोन आवर्तनांच्या मात्रा सोळा. उरलेल्या चार मात्रा चरणाच्या शेवटच्या सुरात भरतात. चौथ्या चरणात मात्र चारच अक्षरे, म्हणजे आठ मात्रा. एक अख्खे आवर्तन मोकळे राहते. चालीप्रमाणे हा हिशोब बदलतो, पण अभंगाच्या शेवटी ही मोकळी जागा राहतेच. गाणारा तिथे श्वास घेतो, पखवाज आणि टाळ पुढे येतात आणि मागे उभे असलेले टाळकरी ध्रुपद उचलतात.

ध्रुपद म्हणजे अभंगातली पुन्हा पुन्हा येणारी ओळ. बहुतेक अभंगांत दुसरे कडवे ध्रुपद म्हणून धरतात. प्रत्येक कडव्यानंतर सगळे तिथेच परततात. ज्याला अभंग पाठ नाही, त्यालाही दोन-तीन फेऱ्यांत ध्रुपद पाठ होते आणि तो गाऊ लागतो. ओवी ऐकणाऱ्याला पुढे नेते, अभंग त्याला गायला लावतो. मला कळलेला खरा फरक हाच. बाकीचे अक्षरांचे नियम या कामासाठी आहेत.

वारकरी कीर्तनात दोघांची कामे स्पष्ट दिसतात. कीर्तनकार निरूपणासाठी एक अभंग घेतो. त्याचे एकेक चरण गाऊन अर्थ सोडवत जातो. मुद्दा पक्का करायचा असेल तेव्हा ज्ञानेश्वरीतली ओवी किंवा दुसऱ्या संताचा अभंग काढतो. याला 'प्रमाण' म्हणतात. प्रमाण देऊन झाले की पुन्हा मूळ अभंगावर येतो. कव्वाली ऐकणाऱ्या वाचकांना हे ओळखीचे वाटेल. कव्वालही मूळ कलाम थांबवून मध्येच दुसऱ्याचा शेर लावतो, त्याला गिरह म्हणतात, आणि तिथून अलगद मूळ मिसऱ्यावर परततो. पण साम्य फार ताणू नये. अभंग म्हणजे मराठी गझल, असे मी एकेकाळी वर्गात सांगत असे. ते चूक आहे. गझलेचा प्रत्येक शेर स्वतंत्र उभा राहू शकतो. अभंगाची कडवी सहसा एकाच विचाराची असतात आणि त्यांना ध्रुपद बांधून ठेवते.

शेवटच्या कडव्यातली नाममुद्रा मात्र मक्त्यातल्या तखल्लुससारखीच. इथेही अक्षरांची गंमत आहे. 'तुका म्हणे' ही चार अक्षरे, म्हणून सहाच्या चरणात आणखी दोन अक्षरांना जागा उरते. 'एका जनार्दनी' ही नेमकी सहा. आणि 'शेख महंमद' मोजा. शे-ख-म-हं-म-द. तीही सहाच.

शेख महंमद श्रीगोंद्याचे. काळ सोळाव्या शतकाचा उत्तरार्ध आणि सतराव्याचा पूर्वार्ध. त्यांचे गुरू चांद बोधले. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजी भोसले यांचा आश्रय त्यांना होता. स्वतःला ते उघडपणे 'अविंध' म्हणवतात, म्हणजे त्या काळच्या बोलीत मुसलमान. त्यांचा 'योगसंग्राम' हा मोठा ग्रंथ ओवीत आहे. आत्म्याची अहंकाराशी चाललेली लढाई हा त्याचा विषय. लढाई सांगायची म्हणजे बाजू मांडायच्या, शंका काढायच्या, पायरी पायरीने पुढे जायचे. त्याला ओवीच हवी. शिवाय त्यांनी पुष्कळ अभंगही रचले. वा. सी. बेंद्रे यांनी 1961 साली त्यांचा कवितासंग्रह संपादित करून छापला.

आमच्यात काही जण विचारतात, हे फारसी-दखनी सोडून मराठीत का लिहीत होते? उत्तराचा एक भाग मला या दोन रचनांतच दिसतो. ज्याला समजावून सांगायचे आहे, त्याच्यासाठी ओवी. ज्याला सोबत घ्यायचे आहे, त्याच्यासाठी अभंग. श्रीगोंद्याच्या आसपासच्या माणसाच्या गळ्यात या दोन्ही आधीच होत्या, मायच्या जात्यामुळे आणि गावच्या भजनामुळे. एक आख्यायिकाही आहे: देहूला तुकोबांच्या कीर्तनात मांडवाला आग लागली, ती शेख महंमदांनी श्रीगोंद्यात बसून हात चोळून विझवली. इतिहास म्हणून ती सांगता येणार नाही. पण ती रचणाऱ्यांना शेख महंमद कीर्तनाच्या बाहेरचे वाटत नव्हते, एवढे तिच्यातून दिसते.

एक सावधगिरी. नाममुद्रा ही सहीसारखी असली तरी पुरावा नव्हे. तोंडोतोंडी चाललेल्या रचनेत मागाहून कोणीही चार किंवा सहा अक्षरे बसवू शकतो. 'नामा' या मुद्रेखाली नामदेवांचे आणि नंतरच्या विष्णुदासनाम्याचे अभंग एकमेकांत मिसळले आहेत. छापील पुस्तकात सहाच्या जागी सात अक्षरे दिसली, तरी लगेच चूक ठरवू नये. गाणारा एखादे अक्षर गिळतो, लिहिणारा ते लिहून काढतो. आधी गाऊन पाहावे. गाताना ठेका अडखळला तरच शंका घ्यावी.

त्या मुलाच्या वहीत मी माझी लाल शाईची ओळ खोडली आणि त्याला वर्गात अभंग गायला सांगितले. तिसऱ्या कडव्यापर्यंत मागच्या बाकांवरची मुले ध्रुपद धरून गात होती. गुण किती द्यायचे, ते तिथेच ठरले.