शिल्लक जवळपास जुळली तरी हिशेब चुकलेला असू शकतो. बँक स्टेटमेंट असे तपासा

बेळगाव : महिना संपला की बरेच दुकानदार बँकेच्या स्टेटमेंटवरची शेवटची शिल्लक बघतात, कॅशबुकातल्या आकड्याशी ताडून पाहतात आणि हजार-दोन हजारांचाच फरक असला तर ‘बँकेचे चार्जेस असतील’ म्हणून सोडून देतात. घोळ नेमका इथेच होतो. फरक लहान असला म्हणजे चुकाही लहानच असतात असे नाही. जास्तीचे आणि कमीचे आकडे एकमेकांना खाऊन टाकतात.

उदाहरणादाखल शहरातले एक कापड दुकान घेऊ. 31 ऑगस्टला कॅशबुकाच्या बँक रकान्यात शिल्लक 1,84,250 रुपये. स्टेटमेंटवर 1,86,060. फरक फक्त 1,810 रुपयांचा. मालक खूश. पण ओळ न् ओळ लावून पाहिली तर चित्र वेगळेच निघते.

सुरुवात वरून करायची. स्टेटमेंटची आरंभीची शिल्लक मागच्या महिन्याच्या अखेरच्या शिल्लकेइतकी आहे ना, हे आधी बघावे. मग एक गोष्ट ध्यानात ठेवावी, की स्टेटमेंट बँकेच्या बाजूने लिहिलेले असते. आपण भरलेले पैसे तिथे क्रेडिटमध्ये दिसतात, तर आपल्या कॅशबुकात तेच डेबिटला असतात. यानंतर स्टेटमेंटची एकेक ओळ कॅशबुकात शोधायची आणि दोन्हीकडे पेन्सिलीने टिक करायची. तारीख एक-दोन दिवस मागेपुढे चालते. रक्कम आणि चेक नंबर मात्र जुळलाच पाहिजे. ‘क्यूआर’वरची विक्री जिथे दिवसाची एकत्र जमा होते, तिथे एकेक गिऱ्हाईक शोधत बसू नये, दिवसाची बेरीज लावावी.

टिक न झालेल्या ओळी हेच खरे काम. आपल्या दुकानात अशा पाच निघाल्या.

पहिल्या दोन फक्त वेळेच्या आहेत. इचलकरंजीच्या व्यापाऱ्याला दिलेला 32,000 चा चेक त्याने अजून बँकेत टाकलेला नाही. 31 ला संध्याकाळी बँकेच्या पेटीत टाकलेला 18,500 चा चेक अजून जमा व्हायचा आहे. या दोन्हींसाठी कॅशबुकात काही बदलायचे नाही.

तिसरी ओळ कळीची. खानापूरच्या एका गिऱ्हाइकाचा 12,000 चा चेक भरला तेव्हा कॅशबुकात जमा धरला होता. स्टेटमेंटमध्ये तो जमा दिसतो आणि चार दिवसांनी तीच रक्कम वजा झालेली दिसते, पुढे RETURN असे काहीतरी लिहिलेले. म्हणजे चेक वटलाच नाही. दुकानाच्या खतावणीत मात्र त्या गिऱ्हाइकाची बाकी शून्य, त्यामुळे त्याला पुन्हा उधारी चालू! शिवाय परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम 138 खाली कारवाई करायची तर चेक परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. वर्षअखेरीला सीएकडे कागद नेल्यावर ही ओळ सापडली तर तो मार्ग बहुधा बंद झालेला असतो.

चौथी ओळ त्याच चेकच्या दंडाची, 590 रुपये : 500 चार्ज आणि 18 टक्क्यांनी 90 जीएसटी. ही खर्चात घ्यायची. बँकेकडे दुकानाचा जीएसटी नंबर नोंदवलेला नसेल तर ते 90 रुपये क्रेडिटला मिळणे अवघड जाते, हे जाता जाता.

पाचवी चूक हाताची. 5,640 चा दिलेला चेक कॅशबुकात 6,540 असा लिहिला गेला. फरक 900. आकड्यांची अदलाबदल झाली की फरकाला 9 ने पूर्ण भाग जातो. न सापडणारा फरक असेल तर हे आधी करून बघावे. भाग गेला म्हणजे हीच चूक असे मात्र नाही.

आता मेळ घालू. कॅशबुकाच्या 1,84,250 मधून 12,000 आणि 590 वजा, 900 मिळवले : 1,72,560. बँकेच्या 1,86,060 मधून न वटलेले 32,000 वजा, जमा व्हायचे 18,500 मिळवले : तेही 1,72,560. दोन्ही बाजू एकाच आकड्यावर आल्या तरच जुळवणी पुरी झाली म्हणायची. म्हणजे दुकानाचा खरा पैसा मालक समजत होता त्यापेक्षा 11,690 रुपयांनी कमी होता आणि वरवर दिसत होता 1,810 चा फरक.

बँकेचीही चूक होते, एकच चार्ज दोनदा लागतो किंवा दुसऱ्याची रक्कम आपल्या खात्यावर पडते. अशा ओळीची नोंद कॅशबुकात करू नये. शाखेला लेखी कळवून पोच घ्यावी आणि दुरुस्ती होईपर्यंत ती जुळवणी पत्रकात बँकेच्या बाजूला ठेवावी.

सप्टेंबरचे काम या पत्रकापासूनच सुरू होते. 18,500 पहिल्या एक-दोन दिवसांत जमा दिसायला हवेत, नाहीतर लगेच शाखेत विचारावे. इचलकरंजीचा चेक तारखेपासून तीन महिन्यांत बँकेत गेला नाही तर तो बाद होतो. मग 32,000 ची नोंद उलटी फिरवून व्यापाऱ्याचे देणे परत उभे करायचे आणि त्याला फोन करायचा.