मंचप्रकाशातील लाल क्लिपिंग

वाईतील कृष्णाबाईच्या उत्सवासारख्या रात्रीच्या कार्यक्रमात लाल-निळ्या एलईडी दिव्यांखाली गायकाचा चेहरा सपाट, मॅजेंटा दिसतो. आरजीबी परेडवर लाल पट्टा माथ्याला चिकटतो, हिरवा तळाशी राहतो. ८ बिट चित्रात लाल २५५ वर अडकला की त्यातले बारकावे गेलेच. गालाची ठेवण मात्र हिरव्या वाहिनीत बहुधा शाबूत असते. म्हणून चॅनल मिक्सरने लाल वाहिनीत ७० टक्के लाल, ३० टक्के हिरवा मिसळावा. हिरवा ४० असेल तिथे लाल सुमारे १९० होतो, १२० असेल तिथे सुमारे २१४. चेहऱ्याला पुन्हा उठाव येतो. मग टिंट हिरव्याकडे थोडीच सरकवावी. हिरवी वाहिनी जास्त ताणली की सावल्यांत दाणे उमटतात. चित्रीकरणातच एक्स्पोजर उतरवणे केव्हाही उत्तम.