कंपनी स्वतःचीच मालक होऊ शकते का? बायबॅकची १३० वर्षांची गोष्ट

२०१६ च्या अखेरीस मॅकडोनाल्ड्स या अमेरिकन कंपनीच्या ताळेबंदात भागधारकांच्या इक्विटीचा आकडा उणे होता, उणे सुमारे २२० कोटी डॉलर. कंपनी तोट्यात नव्हती. उलट साठवलेला नफा ४,६२२ कोटी डॉलर इतका प्रचंड होता. मग इक्विटी शून्याच्या खाली कशी गेली? तर ताळेबंदातल्या एकाच ओळीमुळे: ‘ट्रेझरी शेअर’, वजा ५,२११ कोटी डॉलर.

भारतीय कंपनीच्या स्वतंत्र ताळेबंदात ही ओळ तुम्हाला सापडणार नाही. बायबॅक इथेही होतात, मोठमोठे होतात, पण विकत घेतलेले शेअर कुठे ‘ठेवलेले’ दिसत नाहीत. हा फरक नुसता हिशेब लिहिण्याच्या पद्धतीचा आहे, असं मला सुरुवातीला संदर्भ चाळताना वाटायचं. पण त्याचं मूळ इंग्लंडमधल्या एका फ्लॅनेलच्या गिरणीत आहे.

फ्लॅनेलची गिरणी आणि १८८७ चा निकाल

रॉचडेलजवळची जेम्स स्कोफिल्ड अँड सन्स ही कंपनी १८६५ मध्ये नोंदली गेली. भांडवल दीड लाख पौंड, १० पौंडांचे १५,००० शेअर. कंपनीच्या नियमावलीतच लिहिलं होतं की कंपनी स्वतःचे शेअर विकत घेऊ शकते. एखाद्या भागधारकाला बाहेर पडायचं असेल तर कंपनी त्याचे शेअर घ्यायची. व्हिटवर्थ नावाचे एक भागधारक वारले. त्यांची मालमत्ता सांभाळणाऱ्यांनी शेअर कंपनीला विकले, काही पैसे मिळाले आणि काही बाकी राहिले. तेवढ्यात कंपनी दिवाळखोरीत निघाली. लिक्विडेटर होते ट्रेव्हर. व्हिटवर्थच्या बाजूने बाकीच्या पैशांचा दावा लागला आणि खटला हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला.

तोवर कंपनीने आपल्या एकूण शेअरांपैकी चौथ्या हिश्शाहून जास्त शेअर स्वतःच विकत घेतले होते. म्हणजे भागधारकांनी घातलेल्या पैशाचा मोठा वाटा परत भागधारकांच्याच खिशात गेला होता, आणि मागे उरले होते ज्यांची देणी थकली ते धनको.

खालच्या अपील कोर्टाने दावा मान्य केला होता. लॉर्ड्सनी तो फेटाळला. त्यांचा युक्तिवाद असा: मर्यादित जबाबदारीच्या कंपनीत धनको भागधारकाच्या घरापर्यंत जाऊ शकत नाही. त्याला आधार फक्त भांडवलाचा. धंद्यात ते भांडवल बुडालं तर बुडालं, तो धोका त्याने पत्करलेला असतो. पण ते गुपचूप भागधारकांना परत दिलं जाईल, हा धोका त्याने पत्करलेला नसतो.

आता यातला खरा पेच बघा. कंपनीने स्वतःचे शेअर घेतले, तर त्याचे दोनच अर्थ निघतात. पुन्हा विकण्यासाठी घेतले असतील तर कंपनी स्वतःच्याच शेअरांचा व्यापार करतेय, आणि तो तिचा धंदा नव्हे. कायमचे घेतले असतील तर ती भांडवलाची कपात आहे, आणि कपातीसाठी कायद्याने वेगळा, कोर्टाच्या मंजुरीचा रस्ता घालून दिलेला होता. दोन्ही अर्थांनी व्यवहार बेकायदेशीर. नियमावलीत परवानगी असली तरी उपयोग नाही.

ट्रेझरी शेअर म्हणजे यातला पहिला अर्थ: कंपनीने घेऊन ठेवलेला, उद्या पुन्हा विकता येईल असा शेअर. रद्द केलेला शेअर म्हणजे दुसरा अर्थ. पुढच्या शंभर वर्षांत वेगवेगळ्या देशांनी यातला कुठला दरवाजा किती उघडला, एवढीच खरं तर बायबॅकची गोष्ट आहे. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांनी दोन्ही उघडे ठेवले. ब्रिटनने १९८१ च्या कायद्याने दुसरा उघडला आणि पहिला थेट २००३ मध्ये.

भारताने फक्त एक दरवाजा उघडला

आपल्या १९५६ च्या कंपनी कायद्यातलं कलम ७७ म्हणजे याच निकालाचं कायदेशीर रूप: कंपनीने स्वतःचे शेअर घ्यायचे नाहीत, घ्यायचेच तर कोर्टाकडून भांडवल-कपात मंजूर करून घ्या. ऑक्टोबर १९९८ मध्ये अध्यादेश आला आणि पुढच्या वर्षी त्याचा कायदा झाला. कलम ७७अ आलं, पाठोपाठ सेबीचे बायबॅकचे नियम आले. आता हेच सगळं २०१३ च्या कायद्याच्या कलम ६८ ते ७० मध्ये आहे.

परवानगी मिळाली, पण अटींसकट. बायबॅकची रक्कम भरणा झालेलं भांडवल आणि मुक्त राखीव निधी यांच्या बेरजेच्या २५ टक्क्यांपेक्षा जास्त नको. बायबॅकनंतर कर्ज या बेरजेच्या दुपटीवर जाता कामा नये. आणि सगळ्यात महत्त्वाची अट म्हणजे घेतलेले शेअर, बायबॅक पूर्ण झाल्यापासून सात दिवसांत नष्ट करायचे. आपल्याकडे ट्रेझरी शेअरची ओळ का नाही, याचं उत्तर या सात दिवसांत आहे.

१३,००० कोटी कुठून गेले?

आता एक खरा बायबॅक उलगडून बघू. इन्फोसिस, म्हणजे १९८१ मध्ये पुण्यात सुरू झालेली कंपनी. २०१७ मध्ये तिने आपला पहिला बायबॅक केला: ११.३० कोटी शेअर, प्रत्येकी १,१५० रुपयांना, एकूण १३,००० कोटी रुपये. एकूण शेअरांच्या ४.९२ टक्के.

बँकेतून १३,००० कोटी गेले. ताळेबंदाच्या दुसऱ्या बाजूला इक्विटी तेवढीच कमी व्हायला हवी. पण इक्विटी म्हणजे एक डबा नाही, अनेक डबे आहेत. शेअरची दर्शनी किंमत ५ रुपये. म्हणून भागभांडवलाच्या डब्यातून गेले ११.३० गुणिले ५, म्हणजे फक्त ५६.५ कोटी. उरलेले सुमारे १२,९४३ कोटी गेले सिक्युरिटीज प्रीमियम आणि सर्वसाधारण राखीव निधी यांतून. नफा-तोटा पत्रकावर यातलं काहीच उमटत नाही. कंपनीने १,१५० ला घेतलेला शेअर उद्या १,५०० ला गेला, तरी तो कंपनीचा नफा नाही. स्वतःच्या मालकांशी केलेल्या व्यवहारात नफा कमावता येत नाही, हे तत्त्व ट्रेझरी शेअर ठेवणाऱ्या देशांनाही लागू आहे. म्हणून तर मॅकडोनाल्ड्सचे ते शेअर मालमत्तेच्या बाजूला नाहीत, इक्विटीतून वजा केलेले आहेत.

यानंतर आणखी एक नोंद होते. कलम ६९ म्हणतं, जेवढ्या दर्शनी किमतीचे शेअर रद्द झाले, तेवढी रक्कम ‘भांडवल विमोचन राखीव निधी’ या वेगळ्या डब्यात टाका. इन्फोसिसने सर्वसाधारण राखीव निधीतून सुमारे ५६ कोटी तिथे हलवले. हा निधी लाभांश म्हणून वाटता येत नाही, त्यातून बोनस शेअर मात्र देता येतात. म्हणजे भागभांडवल ५६ कोटींनी घटलं, पण ‘हात लावायचा नाही’ अशी रक्कम तेवढीच राहिली. १८८७ ची भिंत एका दगडाने कमी झाली, तो दगड कायद्याने दुसरीकडून आणून बसवला.

भिंत आहे, पण उंची किती?

माझ्या प्रबंधातला प्रश्न इथून सुरू होतो. १३,००० कोटी बाहेर गेले आणि भिंतीत परत आले ५६ कोटी. स्कोफिल्डच्या काळात भागधारकांनी घातलेला पैसा म्हणजे बहुतांशी दर्शनी किंमतच होती, त्यामुळे दर्शनी किंमत जपली की धनकोचा आधार जपला जायचा. पण इन्फोसिसचा १९९३ चा पब्लिक इश्यूच घ्या: १० रुपयांचा शेअर ९५ रुपयांना. भागधारकाने घातलेल्या ९५ पैकी ८५ रुपये प्रीमियमच्या डब्यात गेले. प्रीमियममधून लाभांश देता येत नाही, पण कलम ६८ नुसार बायबॅक करता येतो. म्हणजे जो पैसा लाभांशाच्या दाराने बाहेर पडू शकत नाही, तो बायबॅकच्या दाराने पडू शकतो.

मग धनकोला खरं संरक्षण कोण देतं? माझ्या मते राखीव निधी नव्हे, तर २५ टक्क्यांची आणि कर्जाच्या दुपटीची अट. मॅकडोनाल्ड्सशी तुलना केली की हे स्वच्छ दिसतं. २०१५ च्या अखेरीस तिची इक्विटी सुमारे ७०९ कोटी डॉलर आणि दीर्घ मुदतीचं कर्ज सुमारे २,४१२ कोटी, म्हणजे तिपटीहून जास्त. तरीही २०१६ मध्ये तिने सुमारे १,१०० कोटी डॉलरचे शेअर घेतले. भारतीय नियमांत ती पहिल्याच पायरीवर अडकली असती. मात्र मॅकडोनाल्ड्सचं दिवाळं निघालेलं नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. भाड्यातून आणि रॉयल्टीतून येणाऱ्या रोख पैशावर धनकोंचा भरवसा आहे. ताळेबंदातलं भांडवल हाच एकमेव आधार, हा १८८७ चा विचार तिथे केव्हाच मागे पडलाय.

मागच्या दाराने आलेले ट्रेझरी शेअर

भारताने पहिला दरवाजा बंद ठेवला खरा, पण एक फट आहे. इन्फोसिसच्याच एकत्रित ताळेबंदात भागभांडवलाच्या टिपणीत ‘ट्रेझरी शेअर वजा जाता’ असे शब्द दिसतात. हे शेअर बायबॅकमधले नाहीत. ते कर्मचाऱ्यांना द्यायच्या शेअरांसाठी केलेल्या ट्रस्टकडे आहेत, त्या वेळी सुमारे एक कोटी. कायद्याच्या नजरेत ट्रस्ट वेगळा, म्हणून शेअर जिवंत. हिशेबाच्या नजरेत ट्रस्ट कंपनीचाच, म्हणून एकत्रित ताळेबंदात ते वजा.

तेव्हा पुढच्या वेळी बायबॅकची बातमी वाचाल, तेव्हा प्रति शेअर कमाई किती वाढली हे बघून थांबू नका. नफा तोच राहून शेअर कमी झाले की तो आकडा आपोआप वाढतो. वार्षिक अहवालातलं ‘इक्विटीतील बदलांचं विवरण’ उघडा आणि कुठल्या डब्यातून किती गेलं ते बघा. मग कर्जाचा आकडा नव्या, घटलेल्या इक्विटीशेजारी ठेवा. ट्रेव्हर साहेबांनी लिक्विडेटर म्हणून शेवटी जे हिशेब मांडले, ते आपल्याला आधीच मांडता येतात.