उद्दिष्टे व मुख्य फलिते (ओकेआर)

संघाने ठरावीक मुदतीत, बहुधा तिमाहीत, काय साधायचे आणि ते साधले हे कशावरून ओळखायचे, हे आधीच लिहून ठेवण्याची व्यवस्थापनातील पद्धत. उद्दिष्ट शब्दांत मांडतात. त्याखालची तीन ते पाच फलिते मोजता येण्याजोगी असतात. अँडी ग्रोव्ह यांनी १९७० च्या दशकात इंटेलमध्ये ही पद्धत रुजवली आणि तिथे काम केलेल्या जॉन डोअर यांनी १९९९ मध्ये गूगलला तिची ओळख करून दिली.

गूगलच्याच क्रोम ब्राउझरचे उदाहरण बोलके आहे. सुंदर पिचाई यांच्या संघाने २००८ अखेर आठवड्याला २ कोटी वापरकर्त्यांचे लक्ष्य ठेवले, ते हुकले. २००९ साठी ५ कोटी ठरले, गाठले ३.८ कोटी. तरीही पुढच्या वर्षी आकडा खाली न आणता १० कोटींच्या पुढे नेला, आणि तो गाठला गेला. नव्या संगणकांत क्रोम आधीच घालून देण्याचे करार उत्पादकांशी करणे, हा त्यासाठीचा एक मार्ग होता. इथे मोजली ती नियमित वापरणारी माणसे. नुसते डाउनलोड मोजले असते, तर एकदा उतरवून विसरलेलेही यशात धरले गेले असते.

सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे फलिताच्या जागी कामांची यादी लिहिणे. समजा, ग्राहक-तक्रारी हाताळणाऱ्या संघाने ‘२० मदतपाने लिहिणे’ असे फलित ठरवले. पाने लिहून होतील, तक्रारी मात्र तशाच येत राहतील. ‘तक्रार सुटायला लागणारा सरासरी वेळ ४८ तासांवरून २४ वर आणणे’ हे खरे फलित. पण त्यासाठी आजचा आकडा ४८ आहे हे आधी मोजलेले हवे. शिवाय हे एकटेच ठेवले तर न सुटलेल्या तक्रारीही घाईने बंद होऊ लागतात. म्हणून ‘बंद केल्यावर आठवड्यात पुन्हा उघडणाऱ्या तक्रारी ५ टक्क्यांच्या आत’ असे दुसरे फलित जोडावे लागते. वेगाला गुणवत्तेची अशी जोड देण्याचा आग्रह ग्रोव्ह यांचाच.

दुसरी चूक फलितांचे गुण पगाराशी जोडण्याची. बोनस थेट गुणांवर ठरला की माणसे सहज जमेल तेवढेच लिहितात. गूगलमध्ये फलितांना ० ते १ गुण देतात आणि महत्त्वाकांक्षी लक्ष्याला ०.६ ते ०.७ मिळाले तरी ते चांगले मानतात. दर तिमाहीला सगळीकडे १ दिसू लागला, तर लक्ष्ये मुद्दाम खाली ठेवली जात आहेत असा संशय घ्यावा. मात्र हा हिशेब शब्द दिलेल्या कामांना लागू नाही. ग्राहकाला कळवलेल्या तारखेला वस्तू द्यायची असेल, तर तिथे अपेक्षा १ चीच असते. त्यामुळे कोणते लक्ष्य वचनाचे आणि कोणते झेपेचे, हे तिमाहीच्या सुरुवातीलाच लिहून ठेवावे लागते. शेवटी ठरवल्यास प्रत्येक हुकलेले वचन झेप म्हणून खपवले जाते.