चालू गुणोत्तर
ताळेबंदातील चालू मत्तेस चालू देयतांनी भागले असता येणारे, पेढीची नजीकची देणी फेडण्याची कुवत दर्शविणारे गुणोत्तर. समजा, एखाद्या कापडपेढीच्या ताळेबंदात रोकड ४०,००० रु., येणी १,६०,००० रु. व मालसाठा ४,००,००० रु., अशी एकूण ६,००,००० रुपयांची चालू मत्ता असून वर्षाच्या आत फेडावयाची देणी ३,००,००० रु. आहेत, तर हे गुणोत्तर २ : १ येते व रूढ संकेतानुसार ते समाधानकारक गणले जाते. परंतु मालसाठा वगळताच उरलेल्या २,००,००० रुपयांतून देण्यांचा दोनतृतीयांश हिस्साच फिटतो. आणि साठ्यात न खपणारे जुने तागे असतील, तर धनकोंचा तगादा सुरू होताच ही सुस्थिती केवळ कागदोपत्री ठरते. शिवाय वर्षअखेरीस १,००,००० रुपयांची येणी वसूल करून तेवढीच देणी भागविली, की तेच गुणोत्तर २.५ होते, म्हणूनच कर्ज देणाऱ्या बँका मालसाठ्याची मासिक विवरणपत्रेही मागवितात.