पायरीवर पाऊल टेकवण्याची खटपट

व्हिडिओ गेममधलं पात्र चालताना दिसतं खरं, पण ते पायांवर चालत नसतं. गेमच्या हिशेबी तिथे असते एक अदृश्य, उभी, दोन्ही टोकांना गोल अशी कॅप्सूल. जमिनीवरून सरकते ती, भिंतीला अडते ती, जिनाही तीच चढते. माणूस तिच्यावर नुसता चढवलेला असतो. सपाट फरशीवर हे खपून जातं. पात्र जिन्यात थांबलं की मात्र बिंग फुटतं: एक पाऊल पायरीवर आणि दुसरं हवेत, नाहीतर घोट्यापर्यंत दगडात रुतलेलं. यावर उपाय म्हणून पाऊल कुठे हवं ते आधी ठरवायचं आणि त्यासाठी खुबा न्‌ गुडघा किती वळले पाहिजेत ते उलट दिशेनं काढायचं, याला इन्व्हर्स कायनेमॅटिक्स म्हणतात. बोलताना सगळे आयकेच म्हणतात.

हे गणित पायांसाठी जन्मलंच नाही. ते यंत्राच्या हातासाठी होतं. रोबोच्या हाताचं टोक अमुक ठिकाणी न्यायचं तर प्रत्येक सांधा किती फिरवायचा, हा प्रश्न डोनल्ड पायपर यांनी १९६८ साली स्टॅनफर्डच्या प्रबंधात हाताळला. पुढच्याच वर्षी डॅनियल व्हिटनी यांचा निबंध आला. सांध्यांची एकूण जुळणी एकदम सोडवण्याऐवजी टोकाच्या छोट्या छोट्या हालचालींतून सांध्यांचा वेग काढत जायचं, अशी त्यांची रीत होती. त्या निबंधाच्या शीर्षकातच यंत्रहातांच्या जोडीला माणसाचे कृत्रिम अवयवही आहेत. म्हणजे माणसाच्या अंगाशी या गणिताची सोयरीक पहिल्यापासून होतीच.

हातातून ते पायात आलं ओहायोमध्ये. मायकल जिरार्ड आणि अँथनी मॅसिएव्हस्की यांनी १९८५ साली सिग्राफ परिषदेत पायांच्या प्राण्यांचं अ‍ॅनिमेशन करणारी ‘पोडा’ ही प्रणाली मांडली. तिची गोम अशी की जमिनीवर टेकलेलं पाऊल जागचं हलत नाही. धड पुढे जातं आणि टेकलेल्या पावलापासून खुब्यापर्यंतचा पाय दर चित्रचौकटीला नव्यानं सोडवला जातो. जिरार्ड यांनी हाच धागा पुढे नेला आणि १९९० च्या दशकात थ्रीडी स्टुडिओ मॅक्सबरोबर वापरायचं ‘बायपेड’ आलं. त्यात अ‍ॅनिमेटर जमिनीवर पावलांचे ठसे मांडायचा आणि सांगाडा त्या ठशांवरून चालायचा. ठसा उचलून पायरीवर ठेवला की पाय तिकडे वळायचा.

पण तिथे जमीन कशी आहे ते अ‍ॅनिमेटरला आधीच माहीत असायचं. गेममध्ये खेळणारा कुठे जाऊन उभा राहील याचा नेम नाही, म्हणून सगळं तिथल्या तिथे, सेकंदात तीस-साठ वेळा करावं लागतं. १९९८ साली ‘गेम डेव्हलपर’ मासिकात जेफ लँडर यांनी गेमवाल्यांना आयके उलगडून दाखवलं. त्याच वर्षीच्या ‘ऑकरिना ऑफ टाइम’मध्ये लिंक पायऱ्यांवर थांबला की त्याचे पाय वरखाली टेकायचे. निन्टेंडो ६४ च्या मानानं हा थाट मोठाच.

मोठा असला तरी महाग नव्हता. कारण पायाला रोबोचं अवघड गणित लागतच नाही. मांडी, नडगी आणि खुब्यापासून घोट्यापर्यंतचं अंतर मिळून एक त्रिकोण होतो. तीन बाजू माहीत असल्या की कोन निघतो, हे युक्लिडच्या दुसऱ्या पुस्तकात आहे. आज ते असं लिहितात:

```
cos K = (a² + b² − d²) / (2ab)
```

`K` हा गुडघ्याचा कोन, `a` मांडी, `b` नडगी आणि `d` खुब्यापासून घोट्यापर्यंतचं अंतर. गुडघा कोणत्या बाजूला वळावा हे मात्र त्रिकोण सांगत नाही. त्यासाठी पात्रासमोर एक बिंदू धरतात आणि गुडघा त्याच्या रोखानं ठेवतात. तो बिंदू चुकला की पात्र फेंगडं दिसतं.

आता एक जिना घेऊ. मांडी ४५ सेंटिमीटर, नडगी ४५. सरळ उभं असताना खुब्यापासून घोटा ८८ वर. पायरीची उंची १७. सोयीसाठी दोन्ही पाय खुब्याच्या बरोबर खाली धरू. कॅप्सूल वरच्या पायरीवर टेकली आहे, उजवं पाऊल तिथेच, म्हणून ठीक. डावं पाऊल खालच्या पायरीच्या वर १७ सेंटिमीटर लटकतंय. गुडघ्याच्या जरा वरून सरळ खाली एक किरण सोडला की तो पायरीला कुठे लागला आणि तिथला उतार किती, हे कळतं. तळव्यापासून घोट्याची उंची त्यात मिळवायची. आता डाव्या पायाला हवं १०५ सेंटिमीटर, आणि पाय तर ताणून ताणून ९० चा. पोचणार कसा?

म्हणून आधी कंबर उतरवायची. ज्या पावलाला जास्त खाली जायचंय तेवढी, म्हणजे इथे १७. आता डावा पाय ८८ वरच राहिला, गुडघा जवळजवळ १५६ अंशांचा. उजव्याचं अंतर ७१ झालं आणि गुडघा १०४ अंशांवर वाकला. जिन्यात थांबलेला माणूस असाच दिसतो. पाय जुळवायला गेलं की काम निघतं ते कमरेचं. नवशिक्याचं घोडं पेंड खातं ते इथेच: तो दोन्ही पाय नीट सोडवतो आणि कंबर तशीच ठेवतो.

याच आकड्यांत आणखी एक खोड दडली आहे. अंतर ७१ वरून ७२ झालं तर गुडघा दोनच अंश उघडतो. ८९ वरून ९० झालं तर सतरा. चढउतारावर घोट्याची जागा किंचित इकडेतिकडे झाली तरी ताठ होत आलेला गुडघा खटकन सरळ होतो आणि परत वाकतो. ते लगेच डोळ्यांत भरतं. म्हणून पाय पुरता ताणूच देत नाहीत. शेवटचे एक-दोन टक्के राखून ठेवतात आणि कंबरही एका झटक्यात न नेता हळूहळू उतरवतात.

जिन्याची कड हा वेगळा उपद्रव. एकच किरण असेल तर पाऊल तसूभर सरकताच तो एकदा वरच्या पायरीला लागतो, एकदा खालच्या, आणि पाऊल फडफडू लागतं. त्यावर टाच आणि चवडा असे दोन किरण सोडतात किंवा किरणाऐवजी जाडसर गोल खाली सरकवून बघतात. कित्येक गेममध्ये जिन्यावर कॅप्सूलसाठी अदृश्य उतरण टाकलेली असते, म्हणजे ती धक्के न खाता चढते. खऱ्या पायऱ्या फक्त पावलांचे किरण बघतात.

उभ्या पात्राचं इथवर भागलं. चालत्या पात्राला याहून कठीण प्रश्न आहे: पाऊल टेकलेलं आहे की उचललेलं? उचललेलं पाऊलही जमिनीला चिकटवलं तर पात्र पाय फरफटत चालतं. म्हणून मूळ अ‍ॅनिमेशनमध्ये पाऊल सपाट जमिनीपासून जितकं वर होतं तितकं ते खऱ्या जमिनीवरही ठेवतात. टेकलेलं पाऊल मात्र जागीच धरून ठेवावं लागतं, नाहीतर ते बर्फावरून गेल्यासारखं घसरतं. रूने स्कोव्हबो योहान्सेन यांनी ऑर्हूस विद्यापीठातल्या २००९ च्या आपल्या प्रबंधात यासाठी उलटी वाट धरली. चालण्याच्या तयार चित्रफिती आधीच तपासून प्रत्येक पाऊल केव्हा टेकतं, केव्हा उठतं हे काढून ठेवायचं. मग गेम चालू असताना पुढचं पाऊल कुठे पडेल याचा अंदाज घेऊन तिथली जमीन आधीच चाचपायची. त्यामुळे पाय पायरीला ठेचकाळण्याआधीच उचलला जातो. युनिटीसाठी त्यांनी ही प्रणाली खुली केली. माझ्या मते या वंशावळीतली खरी उडी हीच. कोन काढणं कधीच जमलं होतं, वेळ साधणं राहिलं होतं.

आज अनरिअलमध्ये पावलं टेकवण्याची तयार सोय मिळते आणि युनिटीत `OnAnimatorIK` लिहून निम्मं काम होतं. तरी पोडामध्ये असलेली एक गोष्ट गेममध्ये सहसा परतली नाही. तिथे टेकलेलं पाऊल पक्कं असायचं आणि बाकीचा पाय त्याच्या हिशेबानं ठरायचा. इथे कॅप्सूल आधी जाते, पावलं मागाहून जुळवली जातात. अनेक ऑनलाइन गेममध्ये पावलांची जागा सर्व्हरवर जातच नाही, ज्याच्या त्याच्या यंत्रावर ती वेगळी काढली जाते. एकाच शत्रूचा डावा पाय दोघांच्या पडद्यांवर थोडा वेगळा टेकलेला असू शकतो, आणि खेळाच्या निकालात त्यानं बहुतेक वेळा काहीच फरक पडत नाही.